कॅलेंडरचं पोट दुखत नाही

ती रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असणार. चार रंगांचं एक वर्तुळ असतं. पहिल्या ते पाचव्या दिवसापर्यंत फक्त चालायचं आणि योगासनं करायची. सहाव्यापासून हळूहळू वजनं वाढवायची. चौदाव्या दिवशी तुम्ही वाघीण, त्या दिवशी रेकॉर्ड मोडायचा. पुढे पिलाटीज, आणि शेवटच्या आठवड्यात ‘स्वतःशी प्रेमाने वागा’. वर्तुळाच्या खाली लिंक असते, लिंकच्या मागे सबस्क्रिप्शन. या प्रकाराला सायकल सिंकिंग म्हणतात. पाळीबद्दल कुणीतरी मोकळेपणाने बोलतंय याचाच आपल्याला इतका आनंद होतो, की ते काय बोलतंय हे तपासायचं राहून जातं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनी पुण्याची, पण मी काम करते वर्ध्याला खेटून असलेल्या पिपरी मेघेतून, घरच्या वरच्या खोलीत बसून. संध्याकाळी आर्वी रोडवरच्या एका छोट्या जिममध्ये वजनं उचलते. खाली माझी मामेबहीण राहते. ती एकवीस वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते आणि पहाटे पाचला ग्राऊंडवर असते. पाळीच्या दिवसांत व्यायामाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर रोज चालतो आणि त्याच्यावर तीन दिशांनी हुकूम येतात. आजी म्हणते, ‘चार दिवस हातपाय हालवू नको, बाई.’ ग्राऊंडवरचे सर म्हणतात, ‘ड्यूटीवर चोर पळाला तर काय तारीख सांगशील?’ आणि ॲप म्हणतं, आज तुमचा दिवस दुसरा, आज हलकं स्ट्रेचिंग.

आजी, सर आणि ॲप यांचं एकमेकांशी पटणार नाही असं वाटतं. पण माझ्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर तिघांचा कोड एकच आहे.

```python
if cycle_day <= 5:
    workout = "rest"
elif cycle_day == 14:
    workout = "heavy"
```

सरांनी पहिली ओळ खोडलीय, इतकाच फरक. इनपुट फक्त तारीख आहे. बहिणीचं पोट किती दुखतंय, ती रात्री किती झोपली, काल काय जेवली, यातलं काहीही या कोडमध्ये शिरत नाही. आजीचा नियम निदान फुकट आहे. ॲप त्याचे महिन्याला पैसे घेतं.

आता हा चौदावा दिवस येतो कुठून ते बघू. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत पाळीचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं असतं आणि बरोबर मध्यावर ओव्ह्युलेशन होतं. आकृती समजावण्यासाठी ठीक आहे, वेळापत्रक म्हणून नाही. २०१९ साली एका पाळी-ॲपच्या नोंदींवरून सहा लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बरोबर अठ्ठावीस दिवसांची चक्रं निघाली सुमारे १३ टक्के. ओव्ह्युलेशनच्या आधीचा टप्पा सरासरी १६.९ दिवसांचा होता, म्हणजे सरासरी बाईसुद्धा चौदाव्या दिवशी तिथे पोचलेली नसते. माझ्या बहिणीची मागची तीन चक्रं ३१, २७ आणि ३४ दिवसांची होती. तिच्यासाठी ‘चौदावा दिवस’ म्हणजे नेमकं काय, हे रक्ताची किंवा लघवीची तपासणी केल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ॲप मात्र सांगतं, आणि तेही नोटिफिकेशनमध्ये वाघिणीचं चित्र टाकून.

समजा टप्पा अचूक ओळखता आला. तरी त्यावरून ताकद किती असेल हे सांगता येतं का? यावर बरंच संशोधन झालंय. २०२० मध्ये ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात ७८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्याचा निष्कर्ष असा, की पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी अगदी किंचित कमी होत असावी. पण फरक इतका लहान, आणि अभ्यासांचा दर्जा इतका कमी-जास्त, की सगळ्या बायकांसाठी एक नियम काढता येत नाही. प्रत्येकीने स्वतःपुरतं बघावं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. २०२३ साली वजनांच्या व्यायामाबद्दल दुसरा आढावा आला. टप्प्यामुळे ताकदीत किंवा ताकद वाढण्यात फरक पडतो असा पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे चार रंगांच्या वर्तुळाचा पाया हा असा आहे.

इथे सर खूश होतील. ‘बघ, फरकच पडत नाही.’ त्यांनी जरा थांबावं.

७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये मीराबाई चानूने ८८ आणि १११ असं एकूण १९९ किलो वजन उचललं आणि ती चौथी आली. कांस्यपदक २०० किलोला गेलं. नंतर तिने सांगितलं, की तो तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता. लगेच दोन गट पडले. एक म्हणाला पाळीने पदक घालवलं, दुसरा म्हणाला ही सबब आहे. दोघांनाही ते ठरवता येणार नाही, कारण त्या दिवशी पाळी नसलेली मीराबाई तुलनेला उपलब्ध नव्हती. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटतो. २०० किलोत एक किलो म्हणजे अर्धा टक्का. शेकडो बायकांच्या सरासरीत अर्धा टक्का दिसतही नाही, पण एका बाईच्या एका दिवशी तो सगळं काही असू शकतो. शिवाय सरासरीत जिला काहीच होत नाही ती आणि जिला उलट्या होतात ती, अशा दोघी मिसळलेल्या असतात. ‘सरासरी फरक नाही’ याचा अर्थ ‘तुला फरक नाही’ असा होत नाही. टप्पा नियम देत नाही, पण दुखणं खरं असतं. माझा सगळा मुद्दा या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

दुखतं कशामुळे, हे थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती गर्भाशयाचे स्नायू आवळतात, तिथला रक्तपुरवठा काही क्षण तोकडा पडतो आणि कळ येते. हीच रसायनं आतड्यावरही काम करतात, म्हणून काहींना त्याच दिवशी जुलाब आणि मळमळ. त्यांचं प्रमाण बाईगणिक वेगळं, आणि एकाच बाईत महिन्यागणिकही वेगळं. म्हणून पहिल्या दिवसाची कळ ही पहिल्या दिवसाच्या तारखेवरून नाही, त्या दिवशी पोटाला विचारूनच कळते.

आता बहिणीच्या ग्राऊंडवर या. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची असते: ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. तिचे ८०० मीटर सध्या तीन मिनिटं दहा सेकंदांत होतात. सोमवारी तिचा इंटरव्हलचा दिवस असतो. ४०० मीटरची एक फेरी एक मिनिट पस्तीस सेकंदात मारायची, मग तीन मिनिटं थांबायचं, अशा पाच फेऱ्या. गुरुवारी स्प्रिंट, मंगळवार-शुक्रवारी गोळा आणि थोडी ताकद, बुधवारी हलकं धावणं, शनिवारी लांब पण आरामात, रविवारी सुट्टी.

आम्ही दोघींनी मिळून जी पद्धत बसवली तिच्यात ‘आज जायचं की नाही’ हा प्रश्न घरी सोडवायचा नसतो. पहाटे साडेचारला अंथरुणात कुणालाही जायचं नसतं, पाळी असो नसो. उलट्या, चक्कर किंवा उभं राहता येणार नाही इतकं दुखणं असेल तर घरीच राहायचं, त्यात चर्चा नाही. बाकी वेळी ग्राऊंडवर जायचं, पण परत यायची पूर्ण मुभा घेऊन. दहा मिनिटं हळू धावायचं, पाय झुलवायचे, ऐंशी मीटरच्या दोन मोकळ्या धावा मारायच्या. मग पोटाला दहापैकी आकडा द्यायचा. अंग तापल्यावर कळ बऱ्याचदा उतरते, काही वेळा चढते. कुठल्या बाजूला गेली, यावर पुढचं ठरतं. खरा निर्णय होतो पहिल्या फेरीनंतर, कारण घड्याळ आणि श्वास दोन्ही तेव्हाच खरं सांगतात.

एका सोमवारी पाळीचा पहिला दिवस आला. झोप पाच तासांची, उठल्यावर दुखणं दहापैकी चार. वॉर्मअपनंतर तीन झालं. पहिली फेरी एक-छत्तीस, दुसरी एक-सदतीस, आणि तीन मिनिटांत श्वास जागेवर. तिसऱ्या फेरीत अडीचशे मीटरला कळ सहावर गेली आणि फेरी एक-त्रेचाळीसला संपली. तिथे तिने थांबवलं, दहा मिनिटं चालली आणि घरी आली. पाचपैकी तीन फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन जवळपास ठरल्या वेगाने. आमची खूण अशी आहे, की वेळ पाच सेकंदांहून जास्त घसरली, किंवा दुखणं सुरुवातीपेक्षा दोन आकड्यांनी वाढलं, की पुढची फेरी नाही. हा पाच सेकंदांचा आकडा तिच्या वेळांवरून काढलाय. तुमचा तीन असेल किंवा आठ.

पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्या दिवशीच पळायचं होतं. वॉर्मअपमध्येच दुखणं सातवर गेलं आणि मळमळायला लागलं. ती परतली, पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून झोपली. इंटरव्हल बुधवारी केले आणि बुधवारचं हलकं धावणं त्या आठवड्यात सरळ सोडून दिलं. तिसऱ्या महिन्यात पहिला दिवस मंगळवारी आला आणि तिला काहीही झालं नाही. गोळ्याचे सगळे थ्रो, सगळे सेट, नेहमीसारखे. तीन महिन्यांचे तीन पहिले दिवस आणि तीन वेगवेगळी उत्तरं. ॲपने तिन्ही दिवशी तिला योगासनं दिली असती, सरांनी तिन्ही दिवशी पूर्ण कोटा.

काय कापायचं यातही एक क्रम आहे आणि तो बहुतेकींचा उलटा असतो. कमी करायचं म्हटलं की आपण वेग कमी करतो आणि फेऱ्या मात्र पूर्ण करतो, कारण पाच म्हणजे पाच, मनाला बरं वाटतं. पण कमावलेला दम टिकतो तो मुख्यतः वेगामुळे. काही आठवडे फेऱ्यांची संख्या बरीच कमी झाली तरी वेग राखला तर तयारी फारशी घसरत नाही, हे धावण्याच्या प्रशिक्षणातलं जुनं आणि चांगलं तपासलेलं ज्ञान आहे. म्हणून आधी संख्या कापायची, मग मधली विश्रांती वाढवायची, आणि तेही जमत नसेल तर मग वेग. जिममध्ये मी हेच करते. डेडलिफ्टचे पाच सेट असतील तर आधी तीन करते, वजन तेच ठेवून. सेट संपल्यावर ‘अजून दोन निघाले असते’ असं वाटायला हवं. अजून एकही निघाला नसता असं नेहमीच्याच वजनाला वाटलं, तर वजन दहा टक्क्यांनी खाली. आणि पट्टा आवळून पोटात दम धरण्यानेच कळ येत असेल तर त्या दिवशी बसून करायचे डंबेलचे व्यायाम. बस्स.

सुटलेल्या फेऱ्यांची उधारी पुढच्या दिवशी फेडायची नाही, हे मात्र मी बहिणीला चारदा सांगितलं. दोन फेऱ्या राहिल्या म्हणून गुरुवारी स्प्रिंटच्या आधी त्या मारल्या, तर स्प्रिंटही बिघडतात आणि नडगीही धरते.

ही सगळी लवचिकता नेहमीच्या जगण्याशी जुळवताना हिशोब काय बसतो ते बघा. भरतीच्या तयारीचे सहा महिने धरले तर साधारण सहा पाळ्या येतात. दर वेळी पाच दिवस बसायचं ठरवलं तर तीस दिवस गेले, म्हणजे जवळपास एक अख्खा महिना. बहिणीच्या वहीनुसार तिचे खरोखर वाईट दिवस महिन्याला एक किंवा दीड निघतात: पाळीचा आदला दिवस, कारण त्या रात्री तिला झोप लागत नाही, आणि कधीकधी पहिला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी धावते. माझं उलटं आहे. माझा पहिला दिवस आरामात जातो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. एकाच घरातल्या, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन मुलींना एक नियम बसत नाही, तर तो ॲपमधल्या लाखो बायकांना कसा बसेल?

वही म्हणजे काय, तर शंभर पानी, वाणसामानाच्या दुकानातली. रोज एक ओळ. तारीख, झोप किती तास, दुखणं दहापैकी किती, दम दहापैकी किती, काय केलं. पाळी सुरू झाली की तारखेभोवती गोल. भाकीत नाही, रंग नाहीत. तीन महिने झाल्याशिवाय त्यातून काही निष्कर्ष काढायचा नाही, आणि काढला तरी तो पेन्सिलने काढायचा. आणि दमाचा आकडा लिहायचा व्यायामाच्या आधी. नाहीतर वाईट वेळ आल्यावर सगळ्याच मुलींना ‘मला सकाळपासूनच बरं नव्हतं’ असं आठवतं.

या पद्धतीलाही भोकं आहेत. जी फेरी आवडत नाही तिच्याच दिवशी पोट दुखतंय का, हे वहीत दिसतं. बहिणीचे स्प्रिंट दोनदा सुटले आणि गोळाफेक एकदाही नाही, हे मी दाखवल्यावर तिने माझ्याशी एक संध्याकाळ अबोला धरला. उलट बाजूने, सरांसमोर वाईट दिसू नये म्हणून सातचं दुखणं चार लिहिणाऱ्या मुलीही आहेत. आकडा स्वतःसाठी असेल तरच तो खरा राहतो. म्हणून वही सरांना दाखवायची नाही, असं आमचं ठरलंय. कुठल्या मुलीची पाळी कधी, याचा तक्ता कोचच्या मोबाइलमध्ये असावा ही कल्पना परदेशी क्लबमध्ये आधुनिक वाटते. आपल्याकडच्या ग्राऊंडवर ती मला नको आहे.

वहीने एक गोष्ट अशी दाखवली जी पाळीशी जोडून आम्ही मोकळ्या झालो असतो. दमाचा आकडा पाळीत चार होता, हे अपेक्षितच. पण तो पाळीनंतरच्या आठवड्यातही पाच, त्यापुढच्या आठवड्यातही पाच. म्हणजे हा उतार-चढाव नव्हताच, ही पातळीच खाली होती. जिना चढताना धाप, बर्फ खावासा वाटणं, केस गळणं, हे तिने विचारल्यावर सांगितलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.४ निघालं, बाईचं १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका ॲनिमियात होत्या. म्हणजे ‘पाळीत दम कमी पडतो’ म्हणणाऱ्या दोघींपैकी एकीला प्रश्न पाळीपुरता नसण्याची चांगलीच शक्यता आहे. अशा मुलीला ‘आज तुमचा शांततेचा टप्पा’ असं नोटिफिकेशन पाठवणं हा मला निव्वळ गुन्हा वाटतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, चहाने लोह कमी शोषलं जातं, हे आमच्या घरात सगळ्यांत अवघड गेलं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. त्यासाठी फेरिटिन ही वेगळी तपासणी असते, थकवा हटत नसेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

दुखण्याबाबतही अशा काही खुणा आहेत जिथे ट्रेनिंग बदलत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. गोळी घेऊनही कळ उतरत नाही, दर महिन्याला वाढतेय, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखतं, तासा-दोन तासाला पॅड भिजतं, आठवडा उलटून गेला तरी रक्त थांबत नाही. आणि सगळ्यांत दुर्लक्षित खूण म्हणजे पाळीच न येणं. ग्राऊंडवर जास्त धावून कमी खाणाऱ्या मुलींची पाळी दोन-तीन महिने जाते आणि त्या म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. बरं झालेलं नसतं. खाणं पुरत नाही म्हणून शरीराने एक काम बंद केलेलं असतं, आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. वर्ध्याला या बाबतीत सबब नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं रुग्णालय दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत.

गोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण चाचणीची तारीख आपल्या हातात नसते. ती मोबाइलवर येते आणि पाळीशी तिचं काही देणंघेणं नसतं. त्या दिवशी फेऱ्या कापता येत नाहीत. दुखण्याची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणं अडवते, म्हणून ती कळ पूर्ण चढायच्या आधी घेतली तर जास्त उपयोगी पडते. आणि ती पोटात काही असताना घ्यायची. आपल्याकडे मेडिकलवाला न विचारता हातात ठेवतो ती मेफ्टाल स्पास. तिच्यात दोन औषधं आहेत, मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन. दुसरं औषध पोटातले पेटके सैल करतं, पण तेच घामही कमी करतं, तोंड कोरडं पाडतं, काहींना झोप आणतं. पारा पंचेचाळीसवर गेलेल्या विदर्भातल्या मे महिन्यात, भर उन्हात ८०० मीटर धावायचं असताना घाम कमी होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पाणी कमी प्यायलेलं असेल तर पहिलं औषध मूत्रपिंडालाही त्रासदायक. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने सावधगिरीची सूचनाही काढलीय; गोळीनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर ती थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. गोळीच घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. डॉक्टरांना ‘मला त्या दिवशी उन्हात धावायचंय’ हे सांगून आपली गोळी ठरवा, आणि ती पहिल्यांदा साध्या सरावाच्या दिवशी घेऊन बघा. चाचणीच्या सकाळी मैत्रिणीच्या पर्समधली नवी गोळी नको.

आजीचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण फेकून देत नाही. वाईट दिवशी पडून राहू द्यावं, हे बरोबरच आहे. फक्त ते सक्तीचं असू नये. व्यायामाने कळ वाढते ही तिची भीती उलट निघते. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात, आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्यांचं पाळीतलं दुखणं बऱ्यापैकी कमी झालेलं दिसलं, मग व्यायाम हलका असो की जोरदार. पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही, पण दिशा आजीच्या विरुद्ध आहे. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘आमच्या वेळी चार दिवस पडायला भेटायचं, ते तुमाले नको झालं काय?’ विहिरीवरून पाणी आणि शेतातलं निंदण यातून महिन्याला चार दिवस सुट्टी देणारा तो एकच नियम होता. तिच्या बाजूने बघितलं तर तो नियम मलाही तोडवला नसता.

आणि सर. सरांचा मला राग येतो, पण ते दुष्ट नाहीत. चाळीस मुलींचा ग्रुप आहे, त्यांना एक वेळापत्रक सोपं पडतं. आम्ही त्यांच्याकडे एवढंच मागितलं, की ‘पाच फेऱ्या’ऐवजी ‘तीन ते पाच’ असं फळ्यावर लिहा, आणि तीनवर थांबणारीला कारण विचारू नका. कारण विचारलं की मुलगी सगळ्या मुलांसमोर एकतर खोटं बोलते, नाहीतर पाचही फेऱ्या ओढते. ते म्हणाले, मग सगळ्याच तीनवर थांबतील. दोन आठवडे लिहून बघितलं. बहुतेक मुली पाच मारतात. तीनवर थांबणाऱ्या दर वेळी वेगळ्या असतात.

पाण्याचं मात्र अजून सुटलेलं नाही. ग्राऊंडवरच्या शौचालयाला कुलूप असतं. किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार नऊला येतो, मुली पाचला. म्हणून पाळीच्या दिवशी मुली रात्रीपासूनच पाणी कमी पितात, पॅड बदलायला जागा नाही म्हणून तेच पॅड चार तास घासतं, मांड्या सोलतात, आणि धावताना डोकं दुखायला लागलं की सगळं खातं पाळीच्या नावावर जातं. यात हार्मोनचा काही संबंध नाही. बहिणीने एका पाळीत ठरवून घरून निघताना दोन ग्लास पाणी प्यायलं आणि ग्राऊंडसमोरच्या काकूंकडे बाथरूम वापरलं. तिसऱ्या फेरीतली तिची नेहमीची डोकेदुखी त्या दिवशी आली नाही. एकाच दिवसाची नोंद आहे, म्हणून वहीत पेन्सिलने लिहिलीय. किल्लीसाठी अकरा मुलींच्या सह्यांचा अर्ज दिलाय. अर्जात पाळी हा शब्द लिहायचा की ‘महिलांची गैरसोय’ असं लिहायचं, यावर अर्धा तास वाद झाला. पाळी असंच लिहिलं. पोच मिळाली आहे, किल्ली अजून नाही.